जोडलेल्या हातांची थरथर

आंबेवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी म्यूट करून ठेवला आणि पेट्या घरात राहिल्या.

आमच्या वाडीचा टेम्पो ठरल्या वेळेला कधीच येत नाही. ड्रायव्हर तिठ्यावर पोचला की ग्रुपवर लिहितो, जेमतेम एक विडी ओढेपर्यंत थांबतो आणि निघतो. म्हणजे आंबे मार्केटला जाणार की माजघरात पिकणार, हे त्या एका मेसेजवर.

आता मला खोड अशी, की रोज सकाळी मी ग्रुपवर स्वतः रचलेल्या दोन ओळी टाकतो. लोक त्यावर रिॲक्शन म्हणून हात जोडतात. प्रत्येक जोडलेल्या हाताला माझा फोन थरथरतो. शिडीवर उभा राहून जाळीच्या झेल्याने आंबे उतरवताना खिशात थरथर झाली की मी टेम्पो आला म्हणून धडपडत खाली. बघतो तर हात. पुन्हा वर, पुन्हा हात. वैतागून सगळ्या ग्रुपचंच तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन गेला. मी फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, "काका, ग्रुपार टाकलंलंय मां? तुमचो फोन मेलो काय?"

ते आंबे आम्ही सकाळ-संध्याकाळ खाल्ले.

मग चष्मा लावून पडवीत बसलो. आधी ग्रुपचं म्यूट काढलं. सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडलं, 'रिॲक्शन' दिसताच बटण बंद केलं आणि मिशीवर हात फिरवला. सकाळी दोन ओळी टाकल्या, फोन पुन्हा थरथरला. मी बंद केलेलं बटण एकेकट्याशी होणाऱ्या गप्पांचं होतं. ग्रुपांचं वेगळं, त्याच पानावर खाली. तेही बंद केलं.

त्यानंतरच्या सकाळी मुद्दाम चार ओळी टाकल्या आणि शिडी चढलो. खिसा गप्प. झाडावरूनच ग्रुप उघडून पाहिला, ओळींखाली हात जमत होते, पण बिनआवाज. मन लावून फांदी रिकामी केली. पेट्या भरून, दोरी बांधून पडवीत लावल्या, तोवर फोन थरथरला. ड्रायव्हरचा मेसेज: 'तिठ्यार इलंय.'

रिक्षात पेट्या घालून मी असा पोचलो, की ड्रायव्हरची विडी अजून पेटायची होती. टेम्पोत सगळ्यात आधी माझ्या पेट्या चढल्या. शेजारचे बागायतदार धापा टाकत आले, त्यांनाही ते खालचं बटण तिथेच दाखवलं. शिकवताना माझा आवाज जरा चढलाच असेल.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. वर म्हटलं, "आता लोक कितीही हात जोडू देत, मला पत्ताच लागणार नाही."

ती काजू सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमका आधी तरी खंय लागलो? लोक हात जोडतत ते तुमी गप रवा म्हणान."