फरशीचे पासष्ट हजार

मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी आठ लाख साठवले होते. काम संपत आलं तेव्हा ठेकेदाराची बिलं झाली नऊ लाख एक्कावन्न हजारांची. नवऱ्याने लगेच बँकेच्या पर्सनल लोनची चौकशी सुरू केली.

"कशावर किती वाढलं, ते तरी बघूया," मी म्हटलं.

"जाऊ दे ना यार. काम म्हटलं की वाढतंच."

त्या 'वाढतंच'नेच माझं डोकं फिरलं. फ्लॅट दोघांच्या नावावर, पगार दोघांचा, आणि कर्ज मात्र न बघता काढायचं! मी ठरलेलं आठ लाखांचं अंदाजपत्रक आणि बिलं समोरासमोर मांडली. रंगकामाचे एक लाख दहा हजार ठरल्याप्रमाणेच होते. विजेच्या कामात उलट दोन हजार वाचले होते. बाथरूमवर शेहेचाळीस हजार जास्त गेले होते. जुना पाइप भिंतीत कुजलेला निघाला, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. स्वयंपाकघराचे बेचाळीस हजार आमच्याच हौसेचे, कपाटं मीच वाढवून घेतली होती. उरले फरशीचे पासष्ट हजार. त्यांचं कारण काही केल्या सापडेना.

बिलात अकराशे चाळीस चौरस फूट लिहिले होते, दर अडीचशे. मुलीला टेपचं दुसरं टोक धरायला लावून मी खोली न् खोली मोजली. फरशी भरली आठशे. तुटफुटीचे दहा टक्के अंदाजपत्रकात आधीच धरलेले, म्हणजे आठशे ऐंशी. दोनशे साठ फूट फरशी कुठे बसवली होती या ठेकेदाराने?

दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "सर, मॅडम को समझाइए, वेस्टेज होता है."

"वेस्टेज जोड़ा हुआ है," मी म्हटलं. "टेप लीजिए, मेरे सामने नापिए."

टेपला त्याने हात लावला नाही. "सर, आप तो समझते हैं..."

मला वाटलं, आता नवरा पुन्हा 'जाऊ दे' म्हणणार. पण तो म्हणाला, "नाप लीजिए. आखिरी किस्त उसके बाद."

शेवटचा हप्ता आमच्या हातात होता म्हणूनच ऐकलं ठेकेदाराने. हॉल आणि एक खोली मोजून झाल्यावर 'लड़के ने गलत लिखा' म्हणाला. पासष्ट हजारांची चूक, आणि तीही नेमकी त्याच्याच फायद्याची!

सुधारलेलं बिल आठ लाख शहाऐंशी हजारांचं आलं. वरचे शहाऐंशी हजार खरोखर आमच्याच कामाला लागले होते. लोन घेतलं नाही. घरदुरुस्तीसाठी माझ्या जीपीएफमधून, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून, तेवढे काढायचा अर्ज ऑफिसात दिला, आणि पैसे आल्यावर हप्ता चुकता केला.

पावती ठेकेदाराने नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने फाडली. मी ती तिथेच परत दिली आणि दोघांच्या नावाची लिहून घेतली.