दुसरी घसरण

शेवगाव रस्त्यावरच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो, तिथे डेटा स्ट्रक्चर्स हा विषय वर्षानुवर्षे एकाच गृहस्थांकडे होता. ते घोडेगावहून एसटीने येत. मेंदूच्या आजारानंतर दीर्घ रजा संपवून ते परतले, तेव्हा प्राचार्यांनी मला सांगितले की त्यांचा एक तास मागे बसून ऐका आणि वर्ग त्यांच्याकडे ठेवावा की नाही ते लेखी कळवा. ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली नाही.

"बसा की," ते म्हणाले. "फक्त पुढं बसू नका. पोरं तुम्हाला लई भितात."

विषय त्यांनीच निवडला. बायनरी सर्च ट्री या संख्यांच्या झाडात प्रत्येक नोडच्या, म्हणजे संख्या ठेवायच्या जागेच्या, डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठ्या संख्या असतात. म्हणून आधी डावी बाजू, मग तो नोड, मग उजवी बाजू असे इनऑर्डर वाचन केले की संख्या चढत्या क्रमाने येतात. त्या दिवशीचा प्रश्न असा: अशा झाडात कोणत्या तरी दोन नोडच्या संख्यांची अदलाबदल झाली आहे. झाडाचा आकार न बदलता त्या परत जागेवर आणायच्या. हा भाग त्यांच्या हातचा मळ होता. क्रम जिथे वाढण्याऐवजी कमी होतो त्या जागेला ते घसरण म्हणत, आणि ती सापडावी म्हणून सगळ्या वर्गाकडून क्रम मोठ्याने म्हणवून घेत. शेजारच्या वर्गांची त्याबद्दल तक्रार असे.

त्यांनी फळ्यावर झाड काढले. मुळाशी चाळीस, त्याच्या डावीकडे साठ आणि साठाखाली दहा व तीस, उजवीकडे वीस आणि विसाखाली पन्नास व सत्तर. अक्षर पूर्वीसारखेच होते.

"म्हणा."

"दहा, साठ, तीस, चाळीस, पन्नास, वीस, सत्तर."

"पहिली घसरण?"

"साठ, तीस!"

त्यांनी साठ आणि तीस यांच्याभोवती गोल काढले. इथे थांबायचे नसते. पहिल्या घसरणीतील मोठी संख्या आणि लहान संख्या, दोन्ही टिपून पुढे जायचे. पुढे दुसरी घसरण भेटली, तर टिपलेली लहान संख्या सोडून या घसरणीतील लहान संख्या घ्यायची. अदलाबदल शेजारच्या दोन संख्यांची असेल तरच दुसरी घसरण भेटत नाही आणि पहिलीच जोडी खरी ठरते. हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा तरी ऐकले होते.

त्यांनी साठ पुसून तीस लिहिले, तीस पुसून साठ लिहिले, आणि हात झटकले.

"झालं. म्हणा आता."

"दहा, तीस, साठ, चाळीस..."

वर्ग थांबला. खिडकीपाशी बसलेला एक जण म्हणाला, "सर, गाडी परत घसरली की!" सगळे हसले. तेही हसले, फळ्याकडे वळले आणि वळलेलेच राहिले. हसू हळूहळू विरले. मी जागेवरून हललो नाही.

पुढच्या बाकावरची पाथर्डीची एक मुलगी उठली. "सर, पन्नासनंतर वीस आलंय ना, ती दुसरी घसरण. मग साठ आणि वीस बदलायचे."

"करून दाखव, बाळ."

तिने आधी साठ व तीस पूर्ववत केले, मग साठाच्या जागी वीस आणि विसाच्या जागी साठ लिहिले. वर्गाने क्रम म्हटला. दहापासून सत्तरपर्यंत तो सरळ चढत गेला. "शाब्बास," ते म्हणाले, आणि त्यांनी उरलेला तास तिच्याकडून उदाहरणे सोडवून घेण्यात काढला.

स्टाफरूममध्ये आम्ही दोघेच होतो. चहा आला. त्यांनी तो घेतला नाही.

"फळ्यासमोर माणूस गोंधळतो," मी म्हणालो. "दुसरी घसरण राहून गेली, एवढंच."

"राहून गेली असती तर तिनं सांगितल्यावर आठवली असती." ते खिडकीबाहेर पाहत होते. "आठवली न्हाई, सर. तिचं ऐकून पटलं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकावं तसं."

मी प्राचार्यांसाठीचा कागद पुढे ओढला.

"आज साधा क्रम होता, पोरांनी पकडलं. उद्या त्यांना न कळणारं काही चुकीचं शिकवीन. ते परीक्षेत तसंच लिहितील. तुम्ही काय कळवणार?"

"एखादं सत्र थांबून पाहू, असं कळवतो."

"मला चुचकारू नका. आपण दोघांनी नापास पोरांना कधी चुचकारलं न्हाई."

मी त्यांच्यासमोरच लिहिले की वर्ग त्यांच्याकडे ठेवू नये. त्यांनी ते वाचले, मान हलवली आणि डबा न उघडता पिशवीत ठेवून दिला. फाटकापर्यंत मी सोबत गेलो. बस आली तेव्हा चढण्यापूर्वी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: त्या मुलीला प्रकल्पासाठी चांगला मार्गदर्शक द्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तास मी घेतला. झाड काढले, संख्या लिहिल्या आणि वर्गाला क्रम म्हणायला सांगितले. कोणीही तोंड उघडले नाही. मग मी एकट्यानेच तो वाचला.