चौथ्या व्याख्यानाची जागा

वसुमतीबाई आमच्या तंजावूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतात. दर वर्षी पाहुण्यांची व्याख्यानमाला त्याच भरवतात, आणि मी ग्रंथपाल असल्यामुळे खुर्च्या मांडणं माझ्या गळ्यात पडतं. खरं सांगायचं तर मी जातो ते त्यांच्या प्रास्ताविकासाठी. वक्ते काय, बोलतातच.

यंदाचा विषय होता ‘वाटसरूचं जेवण’. पहिल्या दिवशी बाईंनी आधी अख्खी माला समजावून दिली. ओळखपाळख नसलेल्या माणसाला या मुलखानं जेवू का घातलं, हा एकच प्रश्न, आणि त्याकडे जाणारी पाच व्याख्यानं: रस्ते, भात, छत्रं म्हणजे वाटसरूंना फुकट जेवू घालणाऱ्या धर्मशाळा, रांधणारे हात, आणि शेवटी हे सारं का थांबलं. मग दर आठवड्याला त्या दोन वाक्यांत मागचं सांगत, आजचा प्रश्न ठेवत आणि वक्त्याचं नाव सर्वांत शेवटी घेत. वक्त्याला आधी फोन करून त्याचं उत्तर काय ते विचारून घेत, ते आपल्या तोंडून निसटू नये म्हणून.

चौथ्या व्याख्यानाची वक्त्री सरोजा, बाईंची मावसबहीण. ओरत्तनाडूच्या शाळेत शिकवते. छत्रात रांधणाऱ्या घराण्यांतल्या म्हाताऱ्यांजवळ बसून तिनं वर्षानुवर्षं आठवणी गोळा केल्या आहेत. माला तिच्यावरच उभी होती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत म्हणालं, “काय मॅडम, यंदा घरचंच कार्य दिसतंय!” बाईंच्या ते फार जिव्हारी लागलं. आमच्या मराठी घरांत पंगत बसली की आपल्या माणसांना शेवटी वाढतात, आणि तेही थोडं हात राखूनच. बाईंनी तेच व्यासपीठावर केलं.

“मागच्या तीन व्याख्यानांत आपण बराच भार उचलला,” त्या म्हणाल्या. “आज थोडा विसावा. घरगुती आठवणी ऐकू. मुख्य प्रश्नाकडे पुढच्या आठवड्यात परत येऊच. वक्त्री माझी बहीणच आहे, सांभाळून घ्या.”

लोक हसले. प्राचार्य घड्याळ बघत उठले, पोरांनी मोबाइल काढले. मला असा राग आला की हातातली खुर्ची आपटावीशी वाटली. पहिल्या रांगेत अंबाआजी बसल्या होत्या. त्यांची सासू आणि त्या, दोघींचा जन्म छत्रात रांधण्यात गेला. सरोजानं त्यांना मुद्दाम गाडी करून आणलं होतं. सरोजानं हातातले कागद मिटले, दोन-तीन गमतीच्या आठवणी सांगितल्या आणि अर्ध्या वेळातच ती खाली बसली.

बाहेर बाईंनी विचारलं, “सरोजा, इतकं थोडंच का बोललीस?”

“आक्का, विसावा म्हणून तूच सांगितलीस. मग मज दुसरं काय द्यायचं होतं?” ती चिडली नव्हती. चिडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. मग ती हळूच म्हणाली, “अंबाआजी गाडीत बसताना विचारत होती, ‘आमचं रांधणं म्हणजे मधली सुट्टी काय गे?’”

तो आठवडा बाई वर्गात शिकवत होत्या, पण त्यांचं लक्ष कुठेच नव्हतं. ग्रंथालयात येऊन एकदाच म्हणाल्या, “गिरीश, बोल लागू नये म्हणून मी तिला खाली बसवलं रे.” मी ‘हो’ म्हणालो. खोटं कशाला बोलू?

पाचव्या व्याख्यानाला त्या नेहमीप्रमाणे मागचं सांगायला उभ्या राहिल्या. “मागच्या आठवड्यात मी चौथ्या व्याख्यानाची जागा चुकीची सांगितली,” त्या म्हणाल्या. “तो विसावा नव्हता. वाटसरू जेवला, पण वाढणाऱ्यानं कधी जेवायचं? हा प्रश्न सरोजा घेऊन आली होती, आणि माझ्या बोलण्यामुळे तो तिच्या हातातच राहिला. तो ऐकल्याशिवाय आजचं व्याख्यान कळणार नाही. म्हणून आजच्या वक्त्यांनी आपल्या वेळेतला अर्धा वेळ तिला दिला आहे.” सरोजा बोलली, आणि या वेळी एकही मोबाइल निघाला नाही. बाईंची नजर मात्र पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे जात राहिली. अंबाआजींचे गुडघे पुन्हा इतका प्रवास करायला तयार नव्हते.

रविवारी बाई आणि मी ओरत्तनाडूला अंबाआजींकडे गेलो. ओटीवर बसून बाईंनी अंबाआजींपुढे ते प्रास्ताविक पुन्हा केलं: पाच व्याख्यानं, त्यांचा क्रम, चौथ्यावर सारी माला का उभी, आणि आपण काय चुकलो. बोलता बोलता बाईंना रडू आलं. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“सरी, बरं,” त्या म्हणाल्या. “आता ऊठ, पान मांडलंय.”

“आजी, आज तुम्ही आधी बसा. मी वाढते.”

“अय्यो, पाहुणीआधी कशी बसू मी?”

बाईंनी पुष्कळ विनवलं. आजी हातात पळी घेऊन उभ्याच राहिल्या. शेवटी बाई पानावर बसल्या आणि मान खाली घालून जेवल्या. आजी त्यांच्यानंतर जेवल्या.