सकाळचं विमान संध्याकाळवर गेलं तेव्हा

भावजयीबद्दल माझ्या मनात काही नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. ते खोटं आहे. आई तिच्या बाळंतपणासाठी तीन महिने हैदराबादला जाणार हे ठरलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखत होतं आणि त्याला औषध नव्हतं.

माझ्या बाळंतपणाला मी घिवलीला आईकडे गेले होते. रीतच तशी आहे. पण आईचा मासळीचा धंदा. पहाटे मला पेज देऊन ती टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला निघायची, ती दुपारीच परत यायची. तोवर मी, बाळ आणि अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवर टपलेले कावळे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मासळी थांबत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता मात्र तीच बाई बाजारातली आपली जागा तीन महिने शेजारणीच्या हवाली करून निघाली होती. म्हणजे मासळी थांबत होती. फक्त माझ्यासाठी थांबली नव्हती.

यात आणखी एक गोष्ट होती आणि तिचा मला जास्त राग यायचा. भावजयीला आई नाही. ही लहान असतानाच ती गेली. त्यामुळे तिचा हेवा करायचीही चोरी. मनात काही आलं की लगेच आतून कोणीतरी म्हणायचं, लाज नाही वाटत का गं. वाटायची. पण हेवा काही जायचा नाही.

तिकीट मीच काढलं होतं. बोईसर स्टेशनच्या पूर्वेला माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, फॉर्म भरणं, रेल्वेची आणि विमानाची तिकिटं. एमआयडीसीतले कामगार आता पाटण्याला, भुवनेश्वरला विमानानं जातात, निदान एका बाजूनं तरी. त्यांचे मोबाईल नंबर सारखे बदलतात, म्हणून मी बुकिंगला माझाच नंबर टाकते. मग विमानाची वेळ बदलली की मेसेज मला येतो आणि प्रवाशाला शोधत फिरणं माझ्या नशिबी येतं. गेल्या वर्षी एकाच्या खोलीवर निरोप ठेवला, तर तो रात्रपाळीला, आणि त्याच्या खोलीतला सोबती निरोप विसरला. माणूस जुन्याच वेळेला विमानतळावर पोचला आणि दिवसभर बाहेर बसून राहिला. तेव्हापासून मी निरोप माणसाच्या कानात घातल्याशिवाय घरी जात नाही.

तर आईच्या विमानाचा मेसेज मला दुकानातच आला, जाण्याच्या आठवडाभर आधी. सकाळी पावणेअकराचं विमान संध्याकाळी सहाला गेलं होतं. खाली नेहमीचे तीन रस्ते. नवी वेळ मान्य करा. नाहीतर जादा पैसे न भरता दुसरं विमान घ्या. नाहीतर तिकीट रद्द करून पूर्ण परतावा घ्या.

हे तीन पर्याय मी रोज कुणाला ना कुणाला समजावते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी स्वतः त्यांच्याकडे बघत बसले. परताव्याचं बटण लाल होतं. ते दाबलं की तिकीट गेलं. मग नव्यानं काढायचं तर आजच्या भावानं, आणि आजचे भाव बघून माझा भाऊ नक्की म्हणाला असता की राहू दे, मीच बघतो काहीतरी. 'काहीतरी'मध्ये आठ-दहा दिवस सहज गेले असते. मला हे सगळं इतकं लख्ख दिसलं की मी फोन उलटा करून ठेवला आणि भावाला दुकानाच्या फोनवरून फोन केला.

भावानं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, "ताई, परतावा घेऊन टाक ना. दुसऱ्या कंपनीचं सकाळचं काढू."

मनातला पर्याय त्यानं स्वतःहून माझ्या हातात दिला. पण धंद्याची सवय वाईट असते.

"परतावा माझ्या एजंट म्हणून असलेल्या खात्यात येईल, आणि नवीन तिकीट आजच्या भावानं घ्यावं लागेल," मी म्हटलं. "त्यापेक्षा याच कंपनीचं आदल्या दिवशीचं सकाळचं विमान आहे, जागा आहेत. त्यात फुकट बदलून मिळेल. नाहीतर संध्याकाळचं मान्य करायचं. पण एकदा एक बटण दाबलं की बाकीचे दोन रस्ते परत उघडतील याची खात्री नाही. नीट ठरवून सांग."

मागून भावजयीचा आवाज आला. "ताई, आदल्या दिवशीचंच घ्या ना. आई रात्री एवढ्या उशिरा येणार, जेवण कधी करणार? त्यांच्यासाठी नवा पलंग आणलाय. फोटो पाठवते थांबा."

फोटो आलाच. हवेशीर खोली, मोठा पलंग, त्यावर फुलाफुलांची चादर, शेजारी पाण्याचा तांब्या. तांब्यासुद्धा नवा. बोईसरला लागून असलेल्या सरावलीतल्या माझ्या घरात आई आजवर एकदाही झोपली नव्हती. झोपणं सोडा, ती वर यायचीच नाही. आमच्या इमारतीत बरेच जण मासळी न खाणारे. आईनं लग्नानंतर पहिल्याच खेपेला जिन्यात कुणीतरी नाक दाबलेलं पाहिलं होतं. तेव्हापासून बाजारातून परतताना ती फाटकाशी उभी राहून फोन करायची, "खाली ये, हलवा आनलाय." मी मासळीची पिशवी घ्यायचे, ती रिक्षात बसायची, संपली भेट. इतक्या वर्षांत मी तिला पाणीसुद्धा फाटकाशी पाजलंय. आणि तिकडे तांब्या उशाशी ठेवून झाला होता.

"आईला विचारून सांगते," मी म्हटलं. एवढा तरी अधिकार माझ्याकडे ठेवला.

दुपारी दुकान बंद करून घिवलीला गेले. आई अंगणात बांबूच्या दांड्यांवरचे बोंबील उलटे करत होती. मी तिला तिन्ही पर्याय सांगितले, गिऱ्हाइकाला सांगते तसेच, एकही शब्द इकडेतिकडे न करता. आदल्या दिवशी गेलीस तर फुकटात बदलतं, सुनेला ते हवंय, हेही सांगितलं. सांगताना माझं तोंड एवढंसं झालं असणार, कारण आईनं हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"आदल्या दिशी नाय जमायचं," ती म्हणाली. "बोंबलांना अजून ऊन पायजे. ओले नेले तर तिकडं नुसता वास. संध्याकाळचंच कर."

म्हणजे बोंबील. मला वाटलं होतं माझं नाव घेईल. मी तिथेच नवी वेळ मान्य केली. मग आईसाठी चाकाची खुर्ची आणि मदतनीस सांगितला होता, ती नोंद नव्या वेळेच्या तिकिटावर राहिली आहे का, हे विमान कंपनीला फोन करून विचारलं. वेळ बदलली की अशी नोंद कधी कधी गळते आणि वाचता न येणारं माणूस दाराशी उभं राहतं. नोंद होती.

भावाला कळवलं. भावजय म्हणाली, "बरं." त्या एका 'बरं'मध्ये तिची निराशा मला स्वच्छ ऐकू आली आणि मला गोड लागली. ही काही शोभणारी गोष्ट नाही, पण लागली.

गाडी घिवलीहून दुपारी निघणार, मला बोईसरला घेणार आणि विमानतळावर जाणार, असं मी ठरवलं होतं. जाण्याच्या दिवशी सकाळी आठलाच दाराची बेल वाजली. दार उघडलं तर आई. फाटकाशी नाही, दारात. नवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात चिकटपट्टी गुंडाळलेला बोंबलांचा डबा.

"तू वर कशी आलीस?" मी विचारलं.

"टोपली नाय ना आज," ती म्हणाली. "डबा हुंगून बघ. वास येतो का?"

मी हुंगला. चिकटपट्टीचाच वास येत होता. तेव्हा कुठे ती आत आली.

मी आठवडाभर मनात आखलं होतं, आईला जायच्या आधी काय काय सांगायचं. माझ्या बाळंतपणाचंही सांगणार होते. चहा दिला, भाकरी-कालवण वाढलं. ती घर बघत फिरली, स्वयंपाकघरातली खिडकी उघडून बघितली, न्हाणीघरातला नळ सोडून बघितला. बोलणं काढावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "जरा पाठ टेकते गो."

पलंग दाखवला, तर नको म्हणाली. जमिनीवर चटई टाकली, उशी दिली. गजरा काढून तिनं पिशवीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी कपबश्या विसळून आले तोवर ती झोपली होती. तोंड उघडं, एक पाय दुसऱ्यावर. पहाटेपासून उभ्या राहणाऱ्या बाईची झोप कशी असते, ते मी तोवर पाहिलंच नव्हतं. घिवलीत मी उठायच्या आधी ती उठलेली असायची आणि मी झोपल्यावर झोपायची.

मी शेजारी बसून राहिले. दुकान उघडलं नाही. मध्ये फोन थरथरला, भावजय होती. मी तो वाजू दिला आणि मग लिहिलं, निघालो की कळवते. गाडी आता थेट इकडेच बोलावली होती; गाडीवाला खाली आला, त्यालाही मी थांबवलं. वेळ होता. हात सैल सोडून वेळ दिलाय विमानवाल्यांनी, तो मी का सोडू?

ती आपोआप उठली. घड्याळाकडे बघून माझ्यावरच चिडली.

"उठवलं का नायस? एवढी कशी झोपले मी?"

"झोपलीस तर झोपलीस. तिकडे नवा पलंग आहे, तिथेही झोप."

"तिकडं कशी झोपू?" ती गजरा पुन्हा माळत म्हणाली. "तिकडं सासू हाय मी. त्या पोरीला आय नाय, तिच्याकडं जागं राहायला जाते. झोपायला इथं आले ना."

मग भावजयीला 'निघालो' असं कळवलं आणि आम्ही गाडीत बसलो. आखलेलं सगळं तसंच राहिलं. विमानतळावर मदतनीस खुर्ची घेऊन आला. आई तीत बसली, बोंबलांचा डबा सामानात द्यायचा आहे असं त्याला दोनदा बजावलं आणि मागे वळून न बघता आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीनं फोटो पाठवला. नवा पलंग, फुलाफुलांची चादर, एक सुरकुतीसुद्धा नाही. पलंगाच्या अगदी कडेला आई बसली होती, पाय खाली सोडून, पाहुण्यासारखी. डोळ्यांवरून रात्रभर झोप नसल्याचं दिसत होतं. मला फार बरं वाटलं. मग मी चटईवरची उशी उचलली, कपाटात ठेवली आणि अभ्रा धुवायला टाकला नाही.