साखर कमी झाली म्हणजे काय

मी जानेफळला घरी बसून भाषांतर करते. बहुतेक काम आरोग्याच्या पुस्तिकांचं. पहिला मसुदा एआयकडून करून घ्यायचा, मग ओळ न् ओळ आपण तपासायची. मी वापरते त्या एआयला कालचं काही आठवत नाही. नवं संभाषण उघडलं की कोरी पाटी. म्हणून प्रत्येक ग्राहकाची शब्दसूची मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात ग्राहकाने ठरवलेला मराठी शब्द, तिसऱ्यात टीप. रोज काम सुरू करताना आधी ती सूची चिकटवायची, मग मजकूर.

त्या वेळी मधुमेहाच्या रुग्णांसाठी पुस्तिका चालू होती. रक्तातली साखर धोका होईल इतकी घटते, त्या अवस्थेला ग्राहकाच्या सूचीत शब्द होता 'साखर कमी होणे'. सोपा शब्द. मला तो आवडलाही होता.

माझी माय शुगरची पेशंट. सकाळी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा मी तिला चौथं प्रकरण वाचून दाखवलं. "साखर कमी झाल्यास लगेच काहीतरी गोड खा," असं वाक्य आलं आणि तिचा हात थांबला.

"काऊन वो? साखर कमी झाली तं बरंच झालं ना! त्याच्यासाठीच तं गोळ्या खाऊन राह्यली मी. मंग गोड कायले खाऊ?"

मी पुन्हा वाचलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. मागच्याच पानावर 'गोळ्यांनी साखर कमी होते' असं कौतुकाने लिहिलं होतं, आणि इथे तेच शब्द धोक्यासाठी.

"हातपाय थरथरतात, घाम सुटतो, त्याला तू काय म्हणशील?"

"शुगर लो झाली म्हंतो आम्ही. डाक्तरबी तसंच म्हंते."

मी लगेच एआयला ते सांगितलं. त्याने चौथं प्रकरण नीट सुधारून दिलं. दुसऱ्या दिवशी पाचव्यासाठी नवं संभाषण उघडलं, नेहमीची सूची चिकटवली, आणि पुन्हा ठिकठिकाणी 'साखर कमी होणे'. क्षणभर मी त्याच्यावरच चिडले. पण चूक माझी होती. कालची दुरुस्ती कालच्या संभाषणात राहिली होती, फाइलमध्ये जुनाच शब्द होता. आणि फाइलमधला शब्द मी परस्पर बदलू शकत नव्हते, कारण तो ग्राहकाचा होता.

मी पुण्याला ग्राहकाच्या संपादकबाईंना फोन केला आणि धोक्याच्या जागी 'शुगर लो होणे' घ्यावं असं सुचवलं.

"अहो ताई, ती सूची समितीने मंजूर केली आहे," त्या म्हणाल्या. "आणि 'शुगर लो' हे काय मराठी झालं?"

"मॅडम, ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे, ते उलटा अर्थ घेतील."

"एकट्या तुमच्या आईवरून कसं ठरवणार?"

हा प्रश्न मला लागला, पण रास्त होता. मी म्हटलं, ठीक आहे, एकटीवरून नको. आठवड्याने गावातल्या आरोग्य केंद्रात शुगर तपासणीचा दिवस होता. सिस्टरची परवानगी घेतली आणि रांगेतल्यांना दोन्ही वाक्यं वाचून दाखवली, आधी 'साखर कमी झाल्यास' आणि मग 'शुगर लो झाल्यास'. पहिल्या वाक्यावर एक आजोबा खूश होऊन म्हणाले, "मंग आता एक गोळी सोडून देतो." ते ऐकून सिस्टरने हातातलं रजिस्टर मिटलं. "हे उत्तर जसंच्या तसं लिहा," ती मला म्हणाली, आणि आजोबांना गोळी सोडायची नाही हे समजावत बसली.

मी सगळी उत्तरं नावांशिवाय, बोलली तशीच लिहून पाठवली. काही दिवस काहीच उत्तर आलं नाही. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा करणार तेवढ्यात बाईंचाच फोन आला.

"आजोबांचं वाक्य समितीत वाचून दाखवलं. 'शुगर लो होणे' मंजूर. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उलगडून द्या."

त्या दिवशी सगळ्यात आधी मी फाइल बदलली, आणि टिपेत लिहिलं: औषधाने साखर आटोक्यात येते तिथे 'कमी होणे' चालेल, धोक्याच्या जागी कधीच नाही. मग मागची प्रकरणं उघडली. एका झटक्यात सगळीकडे शब्द बदलणं सोपं होतं, पण मग गोळ्यांनीही 'शुगर लो' झाली असती. म्हणून एकेक जागा वाचत गेले. संध्याकाळपर्यंत मान आखडली, पण एकही जागा सोडली नाही.

आता माझ्या प्रत्येक सूचीत चौथा रकाना आहे: 'कोणाला वाचून दाखवलं'. अजून बरेच चौकोन रिकामे आहेत. येत्या मंगळवारी केंद्रात बाळंतिणींची तपासणी आहे. सिस्टरला सांगून ठेवलंय, त्यांच्या पुस्तिकेतले शब्द घेऊन मी सकाळीच येते.