जावेच्या केशरी भुवया

माझं पार्लर भांडुपला, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. पुतणीचा साखरपुडा संध्याकाळी होता, म्हणून त्या दिवशी गिऱ्हाईक घेणार नव्हते. शटर वर करते न करते तोच धाकटी जाऊ आली. ओढणी कपाळावरून डोळ्यांपर्यंत ओढलेली. मागे पुतणी.

"ताई, ओरडू नका हां," जाऊ म्हणाली आणि ओढणी मागे सारली.

दोन्ही भुवया केशरी.

तिने साखरपुड्यासाठी दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन केस हलके करून घेतले होते, मधासारखे तपकिरी. केस बरे झाले होते, पण खाली भुवया काळ्याभोर राहिल्या. पुतणी चेष्टेत म्हणाली होती की त्या फेव्हिकॉलने चिकटवल्यासारख्या दिसतात. जावेने ते मनावर घेतलं. कार्याच्या आदल्या दिवशी बायका चेहऱ्याला ब्लीच लावतात, तेव्हा भुवयांवर क्रीमचा जाड थर देऊन त्या वाचवायच्या असतात. हिने थर दिलाच नाही. उलट केसांशी मॅच होतील म्हणून काल रात्री भुवयांवरच ब्लीच चोपडलं.

"काळे केस ब्लीचने आधी केशरीच होतात गं. आणि डोळ्याच्या इतक्या जवळ? आत गेलं असतं तर?"

"ते कळलं आता. मी हॉलवर येत नाही. तब्येत बिघडली म्हणून सांगा."

"आई, वेड लागलंय का तुला?" पुतणी भडकली. "विहीणबाईंना दारात हळदीकुंकू कोण लावणार? पप्पा?"

"तुझी काकू लावेल."

"मी लावणार नाही," मी म्हटलं. "तुझं काम आहे, तूच करायचं. बस खुर्चीत."

भुवईखालची कातडी लालसर होती. म्हणून आज थ्रेडिंग नाही, पुन्हा ब्लीच नाही. हेअर कलरचं पाकीट तर नाहीच. तो रंग डोक्यासाठी असतो, डोळ्याशेजारी लावायचा नसतो. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कातडी शांत होऊ दिली. मग खुर्ची उचलून दाराशी आणली. ट्यूबलाइटखाली सगळेच तपकिरी रंग सारखे वाटतात, उन्हात खोटं चालत नाही.

गडद तपकिरी पावडर एका भुवईच्या टोकाला लावली. काळीच दिसली, म्हणजे मूळच्या तक्रारीवर परत. पुसली. पुतणीने बॉक्समधली दुसरी उचलली, चॉकलेटी.

"ही घ्या ना, केसांसारखी आहे."

लावली. खालचं केशरी आणि वरची तांबूस झाक मिळून भुवई विटकरी झाली.

"वाट लागली," पुतणी म्हणाली. जावेने आरसा उलटा करून मांडीवर ठेवला.

"लागलेली नाही. तांबड्यावर तांबडं नको, एवढंच." मी तिसरी काढली, मध्यम तपकिरी, पण राखाडी झाक असलेली. डबीत ती अगदी मातकट दिसते, म्हणून कोणी घेत नाही. राखाडी झाक केशरीला दाबते. केस फिके असले की भुवया त्यांच्यापेक्षा एखाद-दोन छटा गडद चांगल्या दिसतात. अगदी केसांच्याच रंगाच्या केल्या तर चेहऱ्यावर भुवयाच नाहीत असं वाटतं. तिरक्या ब्रशने केसांच्या दिशेने थोडी थोडी भरली, नाकाकडचं टोक हलकं ठेवलं, वरून पारदर्शक जेल फिरवलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. आधी चेहरा दिसला, मग भुवया. असंच पाहिजे.

"बघ आता."

जावेने आरसा सरळ केला. उजेडाकडे धरून आधी एक भुवई पाहिली, मग दुसरी.

"या आता अशाच राहतील का?" तिने विचारलं.

"नाही. नवीन केस येतील तसं मूळचं काळं येईल. तोवर हीच पावडर लाव. नंतर डोक्यावरच्या केसांची मुळं थोडी गडद करू, मग काळ्या भुवया उपऱ्या वाटणार नाहीत. ब्लीचला हात लावायचा नाही. आणि आज घाम आला तर रुमालाने टिपायचा, पुसायचा नाही."

"रडू आलं तर?"

"तेसुद्धा टिपायचं."

हॉल मुलुंडला होता. पंखे फिरत होते, पण उकडत होतंच. जाऊ दारात ताट घेऊन उभी राहिली, मी तिच्या मागे. विहीणबाई आल्या. जावेने त्यांना हळदीकुंकू लावलं. मग त्यांनी बोटाला कुंकू घेतलं आणि हात भुवयांच्या दिशेने आला तशी जाऊ चटकन मान मागे घेऊन माझ्या पायावर आली.

"अहो, घाबरता काय?" विहीणबाई हसल्या. "कुंकूच लावतेय."

"काही नाही, थोडं वर लावा," जाऊ म्हणाली आणि मान पुढे केली. त्यांनी बरोबर मध्ये, जरा वर कुंकवाचं बोट टेकवलं. भुवया जागच्या जागी होत्या. फोटोवाला म्हणाला, दोघी विहिणी इकडे बघा. जाऊ ओढणीला हात न लावता बघत राहिली.