कारल्याच्या बातमीतले उंदीर

माझी वहिनी हनोईची. दादा तिकडे नोकरीला होता, लग्न करूनच चिखलीला परतला. इथं बसून ती एका व्हिएतनामी वेबसाइटसाठी आरोग्याच्या बातम्या लिहिते. मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, म्हणून तिच्याकडे आलेलं इंग्रजी प्रसिद्धिपत्रक मूळ शोधनिबंधाशी ताडून पाहायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

त्या दिवशी एका विद्यापीठाचं पत्रक आलं. कारल्याच्या अर्कानं रक्तातली साखर उतरली, मधुमेहींना आशेचा किरण! वहिनी खुर्चीतच उडाली. तिच्या आईला शुगर, आणि बाई गोळ्यांचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या. वहिनीची एक पद्धत आहे. बातमी पाठवण्याआधी ती आईला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते आणि विचारते, "आता उद्या काय करशील?" आई जे सांगेल तेच वाचक करणार, असा तिचा हिशोब.

पहिले दोन परिच्छेद ऐकून आईनं टाळ्याच वाजवल्या आणि फोन ठेवून दिला.

"भाऊजी, आई म्हणते उद्यापासून गोळ्या बंद. कारल्याचा रस!"

"अहो वहिनी, पण उंदीर कुठायत?" मी ओरडलोच.

मूळ शोधनिबंधातला प्रयोग सगळा उंदरांवरचा. पत्रकात उंदीर पार तळाशी, वहिनीनंही त्यांना तळाशीच ठेवलेलं. तिथवर वाचतंय कोण! शिवाय तुलना होती ती अर्क न दिलेल्या उंदरांशी, गोळ्यांशी नव्हतीच. आणि अर्क म्हणजे काही ताटातलं कारलं नव्हे.

वहिनीनं उंदीर उचलून थेट मथळ्यात आणले. आशेचा किरण उडवला. माणसांवर अजून तपासलेलं नाही, हे पहिल्याच वाक्यात. नवा मथळा पाहून संपादकाचा फोन आला. तासभर तिच्या भाषेत कचाकचा भांडण! फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"मले म्हणते, उंदीर काढ! काऊन काढू बे?"

अस्सल वऱ्हाडी, वर दिराला दोस्तासारखं 'बे'! दादाची शिकवण. माझं हसून हसून पोट दुखलं. ती मात्र पठ्ठी, म्हणाली, उंदीर गेले तर बातमीवरचं माझं नावही काढा, असं सांगितलंय त्याले. उंदीर राहिले.

मग पुन्हा आईला फोन. या वेळी बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. चेहरा उतरला. काहीतरी पुटपुटल्या आणि वहिनी खो खो हसत सुटली.

"म्हणते, उंदरांचं भलं झालं. माझं काय?"

"उद्या काय करणार ते विचारा ना!"

तिनं विचारलं. आई उठून गेल्या आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. कॅमेऱ्यासमोर धरली. पट्टी अख्खी होती, एकही गोळी फोडलेली नव्हती. वहिनीचं हसू थांबलं. आईनं पहिली गोळी फोडली, पाण्याबरोबर गिळली आणि आम्हाला दिसावं म्हणून आ करून दाखवला.